परसातलं शिसं: इंदूरच्या काळ्या मातीत कोणती झाडं लावायची आणि प्रगती कशी मोजायची

रामबागेतल्या आमच्या काकूंच्या वाड्यामागे मोठं परस आहे, साधारण पंधरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. त्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती आणि तिथे वीसेक वर्षं एक बॅटरीवाला भाडेकरू होता. जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, प्लेटा काढायच्या, आम्ल तिथेच ओतायचं, असं त्याचं काम चाले. तो केव्हाच गेला. शेड पाडल्यावर काकूंनी त्या जागी मेथी-पालक लावायला घेतलं, तेव्हा मी आडवा आलो. माझी उभी नोकरी मातीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे नको तिथे नाक खुपसायची सवय आहे.

मातीचा अहवाल आला तेव्हा काकूंनी विचारलं, "अरे, राई लावली की शिसं निघून येतं म्हणतात ना? दोन-तीन पिकं घेऊ आणि उपटून टाकू." हे पुष्कळ लोकांच्या डोक्यात आहे. लेखाची सुरुवात म्हणूनच झाडांच्या यादीने न करता एका हिशोबाने करतो.

आधी हिशोब

परसाच्या मधल्या भागात वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीत दर किलोला 340 मिलिग्रॅम शिसं निघालं. स्वच्छ मातीत हा आकडा बहुधा 10 ते 40 असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतीच्या मातीसाठी तपासणीची पातळी 2024 साली 400 वरून 200 वर आणली. म्हणजे 340 ही मध्यम पातळी झाली. माणसं पळवून लावण्याइतकी ती वाईट नाही, पण लहान मुलांना तिथे मातीत खेळू देण्याइतकी बरीही नाही.

एक चौरस मीटर जागा आणि पंधरा सेंटीमीटर खोली धरली तर आपल्या काळ्या मातीचं वजन सुमारे 200 किलो भरतं. त्यात 340 च्या दराने 68 ग्रॅम शिसं आहे. ते 200 वर आणायचं तर चौरस मीटरमागे 28 ग्रॅम शिसं बाहेर काढायला हवं. आता राई पाहा. एका चौरस मीटरवर वाळवून एक किलो पाला-खोड मिळेल, असं सढळ हाताने धरू. आपल्या मातीत त्या पाल्यात किलोला 30 मिलिग्रॅम शिसं आलं तरी पुष्कळ झालं. एका पिकामागे 30 मिलिग्रॅम निघणार आणि काढायचे आहेत 28,000. म्हणजे नऊशेच्या वर पिकं! वर्षाला दोन घेतली तरी साडेचारशे वर्षं लागतील. काकूंनी हिशोबाचा कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा पाहिला आणि "बरं" म्हणून चहा टाकायला गेल्या.

मग राईची कीर्ती झाली कशी? 1990 च्या दशकात प्रयोगांत मातीत ईडीटीए नावाचं रसायन घातलं गेलं. ते शिशाला धरून पाण्यात विरघळवतं आणि मग राई ते भरपूर ओढून घेते. आकडे खरे होते. पण विरघळलेलं सगळं शिसं झाड काही पीत नाही. उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि ईडीटीए मातीत लवकर मोडतही नाही. ज्या वाड्यात विहीर किंवा बोरिंग आहे तिथे हा उद्योग म्हणजे परसातलं शिसं उचलून पिण्याच्या पाण्यात नेऊन ठेवणं. कुणी 'शिसं काढणारी पावडर' विकायला आलं तर डब्यावर हे नाव आहे का ते वाचा आणि असेल तर डबा परत करा.

काळी माती इथे आपल्या बाजूने आहे

माळव्याच्या काळ्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, बहुधा साडेसातच्या वर असतो. काकूंच्या परसात, आम्ल सांडलेली पट्टी सोडली तर, 8.1 आला. अशा अल्कधर्मी, चुनखडी असलेल्या चिकणमातीत शिसं कणांना घट्ट चिकटून बसतं, पाण्यात फारसं उतरत नाही. झाडाला ते मिळत नाही, हे राईच्या दृष्टीने वाईट. पण तेच विहिरीच्या आणि पानांच्या दृष्टीने चांगलं.

मग धोका कुठून येतो? धुळीतून. मे महिन्यात उघडी माती वाऱ्याने उडते, ओसरीवर बसते, मुलांच्या हातांना लागते आणि हातातून तोंडात जाते. पावसाळ्यात उघड्या मातीवर थेंब आपटतो, चिखल भिंतीवर आणि भाजीच्या पानांवर उडतो. म्हणून झाडांकडून आपल्याला हवं असलेलं काम असं: जमीन बारा महिने झाकायची, मुळांनी ती धरून ठेवायची आणि शिसं मुळाशीच अडवून वर पानात येऊ द्यायचं नाही. शिसं जमिनीतच राहणार, हे आधी मनाशी पक्कं करा. पुढची झाडांची निवड आणि मोजणी दोन्ही याच्यावर उभी आहेत.

काळ्या मातीची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. उन्हाळ्यात तिला मनगट आत जाईल अशा भेगा पडतात. वरची धूळ त्या भेगांत ढासळते आणि पावसाळ्यात माती फुगली की आतच कोंडली जाते. म्हणूनच काकूंच्या परसात पंधरा ते तीस सेंटीमीटर खोलीवरही 150 आकडा मिळाला. तिथे कुणी खणलं नव्हतं, भेगांनीच शिसं खाली नेलं होतं.

पायरी पहिली: जागेचे भाग पाडून माती घ्या

अख्ख्या परसाची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवणं ही नेहमीची चूक. आम्ही तीन भाग केले. 'अ' म्हणजे शेडखालची पट्टी, 15 चौरस मीटर. 'ब' म्हणजे मधली जागा, 60 चौरस मीटर. 'क' म्हणजे घराजवळची, 45 चौरस मीटर. ब आणि क मध्ये प्रत्येकी पंधरा ठिकाणांहून नागमोडी चालत माती घेतली आणि त्या-त्या भागाची एकत्र केली. अ मध्ये मात्र पाच जागांचे पाच नमुने वेगळे ठेवले, कारण बॅटरीच्या जागी शिसं ठिपक्याठिपक्यांनी असतं आणि सरासरी तिथे फसवते.

माती तीन वेगवेगळ्या खोलीवरून घ्या. वरचे अडीच सेंटीमीटर, कारण धूळ आणि मुलांचे हात तेवढ्याशीच खेळतात. शून्य ते पंधरा, कारण बहुतेक मुळं तिथे. आणि पंधरा ते तीस, भेगांसाठी. हत्यार स्टीलचं घ्या, रंगवलेलं नको, कारण जुन्या रंगातही शिसं असू शकतं. वेळ नोव्हेंबरची बरी, कारण माती ओलसर असते, भेगा मिटलेल्या असतात. पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच पंधरवड्यात घ्या. एक वर्ष मेमध्ये आणि दुसरं नोव्हेंबरमध्ये घेतलंत तर आकड्यांतला फरक झाडांमुळे की भेगांमुळे, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी मागायच्या. एक, एकूण शिसं. दोन, डीटीपीए द्रावणात उतरणारं शिसं. आपल्याकडे जस्त आणि लोहाच्या तपासणीसाठी हेच द्रावण रोज वापरतात, त्यामुळे कुठल्याही माती प्रयोगशाळेला ते परकं नाही. फक्त त्याच अर्कात शिसं मोजायला सांगायचं. मातीतल्या शिशाचा सैल भाग किती, याचा हा अंदाज. तीन, वरच्या थराची माती 150 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून एकूण शिसं. हाताला चिकटते ती हीच बारीक माती. काकूंच्या ब भागात नेहमीच्या चाळणीने 340, तर बारीक मातीत 460 निघालं. एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडताना ती मान्यता मातीतल्या शिशाच्या चाचणीसाठी आहे का, तेही विचारा. नुसती पाण्यासाठी असून चालत नाही.

आणखी एक काम त्याच दिवशी करून टाका, पुढे त्याचं मोल कळेल. ब भागातली किलोभर माती वाळवून, चाळून, चांगली कालवून काचेच्या बरणीत भरून ठेवा. वर तारीख लिहा. लोणच्याच्या बरण्यांजवळ मात्र ठेवू नका.

पायरी दुसरी: झाडांचं काम नाही तिथे झाडं लावू नका

अ पट्टीत 620 पासून 2,100 पर्यंत आकडे आले आणि दोन ठिपक्यांचा सामू साडेपाचच्या खाली होता. आम्लाने तिथला चुना खाऊन टाकलेला, त्यामुळे शिसं सैल झालेलं. ही मध्यम पातळी नव्हे. अशा पट्टीवर झाडं लावून समाधान मानणं चूक. माती खणून बाहेर न्यायची तर ती धोकादायक कचऱ्यात जमा होऊ शकते. तसा कचरा घेणारं केंद्र पीथमपूरला आहे, पण आपण ट्रॉली भरून तिथे नेऊ शकत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनच जावं लागतं. काकूंनी दुसरा मार्ग घेतला. आम्ली ठिपक्यांवर चुन्याची भुकटी टाकून पाणी मारलं, पट्टीवर जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं आणि वर कोबा करून घेतला. कोब्याचा उतार परसाकडे न ठेवता गटाराकडे ठेवला. आता तिथे स्कूटर उभी असते.

क भागात 110 आलं. तिथे साधी बाग चालेल. भाजी हवीच असेल तर वाफा जमिनीच्या वर बांधून, बाहेरची स्वच्छ माती भरून. खरा प्रश्न उरला ब भागाचा, साठ चौरस मीटरचा.

पायरी तिसरी: झाडांची निवड

शास्त्रातली कसोटी सोपी आहे. पानातलं शिसं भागिले मुळातलं शिसं हा आकडा एकाहून बराच कमी असावा, म्हणजे झाड शिसं मुळाशी अडवतं. या कसोटीला बरीच गवतं उतरतात. पण इंदूरच्या वाड्यात त्याहून कडक दुसरी कसोटी लागते: हे झाड कुणी खाईल का, विकेल का, देवाला वाहील का, गाईला घालील का?

या दुसऱ्या कसोटीवर राई पहिली बाद. कोवळी पानं दिसली की शेजारीण भाजीला तोडणारच. गवती चहा मुळं चांगली धरतो, पण चहात पडल्यावाचून राहायचा नाही. मेंदीचं कुंपण छान होतं, पण पानं वाटून मुलींच्या हातांवर जातात. तुळस, कढीपत्ता, पुदिना यांचं नाव काढायलाच नको. सूर्यफूल पुस्तकांत सगळीकडे सापडतं. मात्र ते चार महिन्यांचं पीक, त्यानंतर जमीन उघडी पडते, शिवाय बिया पोपट आणि पोरं दोघं खातात. एरंड काटक आहे, पण बिया विषारी. मुलं असलेल्या घरात एका विषावर दुसरं कशाला लावायचं? कण्हेरीचंही तेच. दुभाजकावर ती उत्तम, परसात नको.

उरलं काय? जमीन झाकायला हरळी. आपली साधी दूब. ऊन, पायदळी, पाण्याचा ताण सगळं सोसते, जमिनीखालच्या आणि वरच्या दोन्ही धावत्या खोडांनी जाळं विणते आणि काळ्या मातीच्या भेगांवरही पसरते. अडचण एकच. हरळी म्हणजेच दूर्वा, आणि काकूंकडे गणपती. म्हणून पहिल्याच दिवशी ओसरीवर दूर्वांची वेगळी कुंडी ठेवली, बाहेरची माती घालून. नुसतं 'तिथून तोडू नका' सांगून भागत नाही, जवळची सोय द्यावी लागते.

उताराच्या कडेला वाळा, म्हणजे खस. त्याची मुळं आडवी पसरण्यापेक्षा सरळ खाली जातात, वर्षभरात दोन-तीन मीटरपर्यंत. दाट ओळ केली तर पाण्याबरोबर वाहणारा गाळ तिथेच अडतो. शिसं तो मुळांत ठेवतो, पानांत थोडंच चढवतो. आता खस म्हटलं की कूलरच्या ताट्या आणि माठातली पुरचुंडी डोळ्यापुढे येते. तोच धोका. या जागेतली वाळ्याची मुळं कधीही खणायची नाहीत, अत्तरवाल्याला द्यायची नाहीत, माठात तर मुळीच टाकायची नाहीत. सगळ्या परसात जास्त शिसं साठवणारा भाग हाच असणार.

तिसरं झाड बोगनवेल, ब आणि क यांच्या मधल्या कडेला. शिशाशी तिचा काही खास संबंध नाही. तिला काटे आहेत आणि गाय तिला तोंड लावत नाही, एवढंच तिचं शिफारसपत्र. फाटक उघडं राहिलं की गल्लीतली गाय आत येते, हे इंदूरकरांना सांगायला नको.

पायरी चौथी: लावणी

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर काम सुरू करा. कोरडी माती खणू नका. आधी पाणी मारून धूळ बसवा, तोंडाला मास्क लावा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. खोल नांगरणी नको, खालच्या थरात आणखी शिसं जाईल. वरचे पाच सेंटीमीटर दाताळ्याने फक्त मोकळे करा.

त्यावर पाच सेंटीमीटर कुजलेलं खत पसरा. साठ चौरस मीटरला तीन घनमीटर लागेल. शहरी कंपोस्ट घेत असाल तर त्याचाही शिशाचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत शिसं चालतं. त्या मर्यादेला टेकलेलं खत आपल्याला नको, पन्नासच्या खालचं बघा. खत दोन कामं करतं: शिसं धरून ठेवतं आणि तुम्ही चालता तो थर स्वच्छ ठेवतं.

फॉस्फेटबद्दल बरेच जण विचारतात. फॉस्फेट शिशाशी जुळून पायरोमॉर्फाइट नावाचं अत्यंत अविद्राव्य खनिज बनतं, हे खरं. पण प्रयोगांत मातीच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का फॉस्फरस घालतात. आपल्या 200 किलो मातीला अर्धा टक्का म्हणजे एक किलो फॉस्फरस, म्हणजे चौरस मीटरमागे चौदा किलो सिंगल सुपर फॉस्फेट! परस पांढरं होईल आणि पहिल्या पावसात ते गटारात जाईल. अल्कधर्मी मातीत हे जुळणं मंदावतंही. आम्ही चौरस मीटरला शंभर ग्रॅम घातलं, तेही हरळीची मुळं लवकर धरावीत म्हणून. त्याहून मोठा डोस द्यायचा विचार असेल तर आधी मातीत आर्सेनिक तपासा. जुन्या बॅटरीच्या शिशात आर्सेनिक मिसळलेलं असायचं आणि फॉस्फेट त्याला सैल करतं.

हरळीचे गाठीवाले तुकडे दहा-पंधरा सेंटीमीटरवर ओलीत दाबले की दोन महिन्यांत जमीन झाकते. वाळ्याचे दोन-तीन फुटव्यांचे थोंब घ्या, पानं वीस सेंटीमीटरवर आणि मुळं दहा सेंटीमीटरवर छाटा, उताराला आडव्या दोन ओळींत बारा-पंधरा सेंटीमीटरवर लावा. त्यात एक हाताएवढी जरी फट राहिली तरी पाणी तिथूनच वाट काढतं, म्हणून ऑगस्टमध्ये मेलेले थोंब बदला.

पायरी पाचवी: काय मोजायचं

इथे बहुतेक लोक घसरतात. दरवर्षी एकूण शिसं मोजतात आणि ते कमी होण्याची वाट बघतात. वरच्या हिशोबाप्रमाणे ते कमी होणारच नाही. दहा पिकं राईची घेतली असती तरी 340 चं 338.5 झालं असतं, म्हणजे दीड मिलिग्रॅमचा फरक. आणि एकाच पिशवीतल्या मातीचे दोन भाग प्रयोगशाळेला दिले तर त्यांच्यातच वीस-तीसचा फरक येतो. तेव्हा धोका ज्या वाटेने येतो त्या वाटा मोजा.

पहिली मोजणी फुकटची आहे. महिन्यातून एकदा ब भागात नागमोडी शंभर पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली झाकलेली जमीन आहे की उघडी, ते मनात मोजा. उघडी पावलं पाचाच्या आत हवीत, दहाच्या वर गेली की काम काढा. हा एकच आकडा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो, आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला घ्यावा.

दुसरी मोजणी धुळीची. ओसरीच्या फरशीवर तीस बाय तीस सेंटीमीटरचा चौकोन खडूने आखा आणि प्रयोगशाळेने दिलेल्या ओल्या वाइपने पुसून तो वाइप तपासायला द्या. वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. आधी त्या जागेवर सात दिवस झाडू-पोछा नको. काकूंना हे सगळ्यात जड गेलं. लावणीआधीचा पहिला आकडा हाच आपला मापदंड, पुढचे आकडे त्याच्याशी ताडायचे.

तिसरी मोजणी पानांची, ऑक्टोबरच्या शेवटी. हरळी आणि वाळा, दोन्हींची जमिनीपासून पाच सेंटीमीटर वरची पानं. ती आधी नळाच्या पाण्यात, मग थेंबभर साबणाच्या पाण्यात, शेवटी डिस्टिल्ड पाण्यात धुवा. आणि शिशाबरोबर लोहही मोजायला सांगा. लोह का, ते पुढे येतं.

चौथी, नोव्हेंबरात मातीतलं डीटीपीए शिसं आणि तीन वर्षांतून एकदा एकूण शिसं. सोबत बरणीतली चमचाभर माती वेगळ्या नावाने पाठवायची, प्रयोगशाळेला न सांगता. विहिरीचं पाणी वापरत असाल तर वर्षातून एकदा तेही तपासा. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर या सगळ्याच्या आधी त्याच्या रक्तातलं शिसं डॉक्टरांकडून तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम ही कृतीची रेषा धरली आहे. झाडं वाढेपर्यंत मूल थांबत नाही.

तीन वर्षांत काय झालं, आणि आकडे कसे फसवतात

पहिल्या ऑक्टोबरात हरळीच्या पानात 12 मिलिग्रॅम शिसं आलं. काकांचा फोन आला, "झाड वर ओढतंय रे, उपटून टाकू का?" लोहाचा आकडा पाहिला, 1,300. धुतलेल्या स्वच्छ गवताच्या पानात लोह सहसा अडीचशेच्या आत असतं. आपली बेसाल्टची काळी माती मात्र लोहाने भरलेली. म्हणजे पानाला माती चिकटली होती. वजनाच्या दोन टक्के माती जरी राहिली तरी 460 च्या दोन टक्के, म्हणजे नऊ मिलिग्रॅम शिसं मातीचंच झालं. खरं पानातलं तीनच. पानं पुन्हा घेऊन नीट धुतली तेव्हा शिसं 4 आणि लोह 210 आलं. नुसतं शिसं मोजलं असतं तर चांगली हरळी उपटून टाकली असती.

दुसऱ्या वर्षी उलटी गंमत. वेळेआधीच उत्सुकतेपोटी एकूण शिसं मोजलं, तर 340 चं 318! काका खूश. पण बरणीतली माती, जी वर्षभर कपाटात होती आणि जिच्यात काडीही उगवली नव्हती, तिनेही 340 ऐवजी 321 दाखवलं. प्रयोगशाळेचं यंत्र किंवा विरघळवण्याची पद्धत थोडी सरकली होती, एवढंच. बरणी नसती तर आम्ही पेढे वाटले असते. याच जातीची दुसरी फसगत खताची. खत मातीत कालवलं की दर किलोमागचा आकडा आपोआप उतरतो. शिसं तेवढंच, माती वाढली.

खरी हालचाल दुसरीकडे दिसली. डीटीपीए शिसं 38 वरून दोन वर्षांत 27 वर आलं आणि त्याच वेळी बरणीचं 38 चं 37 राहिलं, म्हणजे हा फरक खरा. ओसरीच्या वाइपवरचं शिसं पहिल्या मेच्या तुलनेत तिसऱ्या मेमध्ये चौथ्या हिश्शावर आलं. त्यात कोब्याचा वाटा मोठा, हे मान्य करायला हवं.

आणि एकदा बिघडलंही. दुसऱ्या मेमध्ये घरातली सगळी लग्नाला पुण्याला गेली, तीन आठवडे पाणी नाही. परतल्यावर शंभरातली चौतीस पावलं उघडी, भेगा तळहाताएवढ्या. भेगांत बाहेरची स्वच्छ चाळलेली माती आणि खत भरलं, वर वाळलेला पाला अंथरला आणि आठवड्यातून दोनदा पाणी सुरू केलं. हरळी वरून मेलेली दिसते, पण जमिनीखालच्या गाठी जिवंत असतात, महिन्याभरात ती परतली. भेगेत वरची धूळ ढासळू देण्याआधी स्वच्छ माती भरणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात हरळीला हिरवंगार ठेवायची गरज नाही, गाठी जगतील आणि माती फाटणार नाही एवढंच पाणी पुरे.

कापलेलं गवत गाईला घालायचं नाही, घरच्या खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, आणि जाळायचं तर मुळीच नाही, कारण धुरातून आणि राखेतून शिसं पुन्हा फिरायला लागतं. पानात 4 मिलिग्रॅम असेल तर ते ब भागातच आच्छादन म्हणून पसरा. जिथलं शिसं तिथेच राहतं. पानातला आकडा दोन वर्षं सलग वीसच्या वर आणि लोह साधारण असेल, तर सामू पुन्हा तपासा. बहुधा कुठेतरी आम्लाचा ठिपका सुटलेला असतो.

मोजणी थांबवायची वेळ येत नाही, पण ती विरळ करता येते. सलग तीन वर्षं मेमधली उघडी पावलं पाचाच्या आत, वाइपचा आकडा स्थिर आणि डीटीपीए वाढलेलं नाही, असं झालं तर माती तीन वर्षांनी एकदा पुरे. पावलं मात्र दर उन्हाळ्यात मोजायची. आणि घर विकताना नव्या मालकाच्या हातात नकाशा आणि अहवाल द्यायचे, नाहीतर तो पहिल्याच दिवाळीत जेसीबी लावेल.

गेल्या उन्हाळ्यात काकूंकडे गेलो तर माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास. मी भांडं खाली ठेवलं. काकू हसल्या, "अरे, परसातला नाही. सराफ्यातून आणलाय, पावती दाखवू?"